माळ्यासाठी लाकडी शिडी: आरपार बसवलेल्या, पाचर आणि गोंदाने पक्क्या केलेल्या पायऱ्या

घरातली एखादी जुनी लाकडी शिडी आडवी ठेवा आणि एकेक पायरी हाताने पिळून पाहा. लाकूड बहुधा शाबूत असतं, पण दोन-तीन पायऱ्या भोकातल्या भोकात फिरतात. एक पायरी फिरू लागली की बाजूचे उभे दांडे किंचित फाकतात, मग शेजारची पायरी ढिली होते, आणि हळूहळू सगळी शिडी डुलायला लागते. म्हणून शिडी करताना निम्म्याहून जास्त वेळ सांध्याला द्यायचा. रंधा मारणं आणि पॉलिश करणं ही त्यामानाने सोपी कामं आहेत.

इथे जो सांधा सांगतो आहे तो असा: पायरीचं प्रत्येक टोक बारीक गोल करायचं. याला कूस म्हणतात. ही कूस उभ्या दांड्यातून आरपार जाऊन पलीकडे थोडी बाहेर निघते. कुशीच्या तोंडाला आधीच चीर दिलेली असते. कूस गोंद लावून आत ठोकली की त्या चिरेत लाकडी पाचर मारायची. पाचरीने कूस आतून फुगते आणि भोकात अडकते. खिळा कुठेच नाही.

उदाहरणासाठी माळ्यावर चढायची शिडी घेऊ. माळ्याची कड जमिनीपासून ७ फुटांवर, छत १० फुटांवर. शिडी टेकवताना उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका पाया बाहेर ठेवायचा, म्हणजे ७ फुटांच्या कडेसाठी शिडीचे पाय कडेच्या सरळ खालच्या बिंदूपासून पावणेदोन फुटांवर येतील. शिडी नुसती कडेपर्यंत पोचून चालत नाही. माळ्यावर पाऊल टाकताना आणि विशेषतः उलटं उतरताना हाताला धरायला वर काहीतरी लागतं. म्हणून शिडी १० फूट लांब धरू. या कोनात तिचं वरचं टोक कडेच्या वर साधारण पावणेतीन फूट जातं आणि छताला तीन-चार इंच अंतर उरतं. आपल्या माळ्याचं माप वेगळं असेल तर हेच गणित त्यावरून करा, पण आधी करा. लाकूड कापल्यावर शिडी वाढत नाही.

उभे दांडे दोन, प्रत्येकी १० फूट लांब, ३ इंच रुंद, दीड इंच जाड, सागवानी. आतलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं, १४ इंच. खाली रुंद आणि वर निमुळती शिडी दिसते छान आणि उभीही जास्त स्थिर राहते, पण मग प्रत्येक भोक तिरकं पाडावं लागतं आणि प्रत्येक पायरीची लांबी वेगळी होते. पहिली शिडी समांतरच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पायऱ्या दर १२ इंचांवर, खालून पहिली १२ इंचांवर, म्हणजे एकूण नऊ. पायरीची जाडी ११ सूत, कूस १ इंचाची. प्रत्येक कूस पावणेदोन इंच लांब, त्यातले दीड इंच दांड्याच्या आत आणि दोन सूत बाहेर, जे नंतर कापून टाकायचे. म्हणजे पायरीची एकूण लांबी साडेसतरा इंच. पायऱ्यांसाठी बाभूळ घ्या. चिवट असते, म्हणून तर अवजारांच्या दांड्यांना ती वापरतात. नऊऐवजी अकरा तुकडे तयार ठेवा.

लाकूड निवडताना

वखारीत दांड्याचं लाकूड निवडताना रंगाकडे पाहू नका, तंतू कुठे जातात ते पाहा. सागाची छिद्रं डोळ्यांना दिसतात, बारीक काळपट रेघांसारखी. एक रेघ धरून बोट पुढे न्या. १२ इंच लांबीत ती १ इंचापेक्षा जास्त तिरकी सरकत कडेबाहेर जात असेल तर तो तुकडा शिडीसाठी नको, कारण भार आला की लाकूड त्याच तिरक्या रेघेवर चिरतं. मोठी गाठ तर कुठेच नको, आणि कडेला किंवा भोकाच्या जागेजवळ लहान गाठही नको. हे बघायला अर्धा तास लागला तरी लावा. वखारवाला कंटाळतो, कंटाळू द्या.

पायऱ्यांच्या बाबतीत हा नियम आणखी कडक पाळायचा. करवतीने कापलेल्या तुकड्यापेक्षा कुऱ्हाडीने किंवा पाचरीने फोडलेला तुकडा चांगला, कारण फोडताना लाकूड स्वतःच्या तंतूंच्या दिशेनेच दुभंगतं. फोडलेला मिळाला नाही तर कापलेल्यातून सरळ तंतूंचे निवडून घ्या.

पायऱ्या वाळवणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की आडवं फुगतं, सोडली की आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदल होत नाही. आता विचार करा: पावसाळ्यात कातलेली कूस भोकात घट्ट बसली. एप्रिल आला, कूस आकसली. भोकाची उंची दांड्याच्या लांबीच्या दिशेने असते, ती बदलत नाही. सांधा ढिला झाला. याच्या उलट, पायरी दांड्यापेक्षा जास्त कोरडी असताना बसवली तर नंतर ती थोडी ओल घेऊन फुगते आणि सांधा आवळला जातो.

त्यामुळे पायऱ्या आधी जाड ठेवा, १३ सुतांच्या आसपास गोल किंवा अष्टकोनी, आणि वाळू द्या. ओलं लाकूड गोल कातलं तर वाळल्यावर ते अंडाकृती होतं, म्हणून शेवटच्या मापाला नंतरच आणायचं. पत्र्याच्या छताखालची माळ्यावरची जागा उन्हाळ्यात यासाठी उत्तम. थेट कडक उन्हात टाकू नका, टोकं तडकतात. वाळल्या की नाही हे हाताला कळत नाही, वजनकाट्याला कळतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका पायरीचं वजन करून त्याच पायरीवर पेन्सिलने लिहा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. वजन उतरत असेल तर पाणी अजून जात आहे. लागोपाठ दोन-तीन वेळा तेच वजन आलं की पायरी तयार. दांड्यांना एवढी काळजी नको. वखारीतला नीट सुकलेला साग घरात काही आठवडे ठेवला की पुरे.

घाई असेल तर निदान एवढं करा: हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका.

आखणी आणि भोकं

दोन्ही दांडे रंधून सरळ झाल्यावर प्रत्येकाची चांगली कड ठरवा आणि तिच्यावर खूण करा. ही पुढची कड. पुढची सगळी मापं याच कडेवरून घ्यायची. दोन्ही दांडे एकमेकांना चिकटवून क्लॅम्पने आवळा, खालची टोकं जुळवा आणि दर १२ इंचांवर गुण्या लावून दोघांच्या कडांवरून एकच रेघ ओढा. वेगवेगळे मापले की कुठेतरी एक सूत हुकतो आणि ती पायरी कायमची तिरकी राहते. मग दांडे सुटे करून रेघा रुंद बाजूंवर फिरवा आणि मार्किंग गेज दीड इंचावर लावून मध्यरेघ मारा, दोन्ही दांड्यांवर पुढच्या कडेवरूनच. जिथे रेघा छेदतात तिथे टोच्याने खोलगट खूण करा.

भोक १ इंचाचं. तीन इंच रुंदीत दोन्ही बाजूंना एकेक इंच लाकूड उरतं, ते कमी होऊ देऊ नका. गिरमिट असो वा ड्रिल मशीन, एका बाजूने पाडत जा. मधलं टोक पलीकडून दिसू लागलं की थांबा, दांडा उलटा आणि त्या टोकाच्या छिद्रावरून उरलेलं भोक पाडा. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटच्या क्षणी लाकडाची ढलपी उडते, आणि ती नेमकी समोर दिसते. ड्रिल काटकोनात राहावं म्हणून शेजारी गुण्या उभा करा आणि एका माणसाला बाजूने बघायला सांगा. शक्य असेल तर स्टँडवरचं ड्रिल वापरा. तिरकं भोक पडलं की पायरीचा खांदा, म्हणजे कूस जिथे सुरू होते तिथली जाड कड, एका बाजूने दांड्याला टेकतो आणि दुसऱ्या बाजूने फट राहते.

आता बाहेरच्या बाजूने एक छोटं काम आहे. प्रत्येक भोकाचं बाहेरचं तोंड अर्धगोल कानशीने वर आणि खाली अर्धा-अर्धा सूत रुंद करा, आत जाताना उतार शून्यावर आणत. फक्त वर आणि खाली. पुढच्या-मागच्या बाजूला कानस लावायची नाही. पाचर मारल्यावर कुशीला फुगायला ही जागा लागते, आणि एकदा ती तिथे फुगली की तोंडाशी जाड आणि आत बारीक अशी होते, मग मागे सरकू शकत नाही.

कूस बसवणं

पायऱ्या लेथवर कातून घेता आल्या तर उत्तम. कातारी नऊ पायऱ्या थोड्या वेळात करून देतो, पण त्याला माप सांगू नका, भोक द्या. म्हणजे, ज्या बिटाने दांड्यांना भोकं पाडली त्याच बिटाने बाभळीच्या वाळलेल्या तुकड्याला एक भोक पाडून तो तुकडा त्याच्याकडे न्या. बाजारातलं १ इंची बिट नेमकं १ इंचाचं भोक पाडेल याची खात्री नसते, आणि इथे कागदाच्या जाडीइतका फरकही लागतो.

हाताने करायचं असेल तर आधी पायरी ११ सुतांना आणा, कुशीच्या लांबीवर चारी बाजूंनी फिरती रेघ ओढा, करवतीने त्या रेघेवर हलका छेद घ्या आणि पटाशीने टोकाकडून खांद्याकडे थोडं थोडं सोलत चला. आधी अष्टकोन, मग सोळा कोन, मग गोल. माप जवळ आलं की पटाशी ठेवा. कूस परीक्षेच्या भोकात फिरवत घाला आणि काढा. जिथे ती घासते तिथे लाकूड चमकतं. तेवढाच चमकलेला भाग काचेच्या तुकड्याने किंवा कानशीने खरवडा. पुन्हा घाला. हे चारपाच वेळा करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी चमक जास्त जागेवर पसरत जाते. सगळीकडे सारखी हलकी चमक आली म्हणजे कूस भोकाला सगळीकडून टेकते आहे.

योग्य घट्टपणा असा ओळखायचा: हाताने दाबून कूस साधारण दोन तृतीयांश आत जावी आणि पुढे मोगरीचे ठोके लागावेत. सगळी हाताने गेली तर ढिली आहे. ती पायरी बाजूला ठेवा, म्हणून तर दोन जास्तीच्या केल्या. फट गोंदाने भरेल असं समजू नका. पांढरा गोंद पातळ थरातच ताकद धरतो. जाड थरात तो आकसतो आणि आत पोकळी राहते. उलट पहिल्या इंचालाच मोगरी लागत असेल तर दांडा चिरण्याचा धोका आहे.

चिरेची दिशा

पूर्ण शिडीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. कुशीतली चीर दांड्याच्या लांबीला आडवी असली पाहिजे. शिडी उभी असताना प्रत्येक पाचर दांड्याच्या रुंदीत आडवी दिसते, उभी नाही.

कारण सोपं आहे. दांड्याचे तंतू वरपासून खालपर्यंत जातात. पाचर आडवी मारली की कूस वर आणि खाली फुगते, आणि तिथे तिला तंतूंची टोकं अडवतात. लाकूड त्या दिशेने प्रचंड जोर सोसतं. पाचर उभी मारली तर कूस पुढे-मागे फुगते, म्हणजे तंतूंना एकमेकांपासून दूर ढकलते, आणि दांडा भोकापासून उभा चिरतो. सरपण फोडताना आपण हेच करतो.

यात आणखी एक गंमत आहे. गोंद तंतूंच्या कापलेल्या टोकांवर नीट धरत नाही, बाजूंवर धरतो. भोकाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीवर दांड्याची बाजू लागते, तिथे गोंद चांगला धरतो. वरच्या आणि खालच्या भिंतीवर टोकं लागतात, तिथे गोंद कमजोर. नेमकं तिथेच पाचर दाब देते. गोंद जिथे कमी पडतो ती जागा पाचर सांभाळते, म्हणून या सांध्यात दोन्ही हवेत.

चीर बारीक दातांच्या करवतीने, कुशीच्या टोकापासून सव्वा इंच खोल. चिरेच्या शेवटी ३ मिलिमीटरचं छिद्र पाडलं तर फाट पुढे पायरीत जात नाही. पायरीच्या दोन्ही टोकांच्या चिरा एकाच पातळीत हव्यात, नाहीतर एक बाजू आडवी बसेल आणि दुसरी तिरकी. त्यासाठी पायरीच्या लांबीभर पेन्सिलची एक रेघ ओढून तिच्यावरून दोन्ही चिरा आखा.

पाचरी बाभळीच्याच, तंतू लांबीत. लांबी सव्वा इंच, जाड टोक दीड सूत, दुसरं टोक धारेसारखं. रुंदी कुशीइतकी किंवा केसभर कमी. कुशीपेक्षा रुंद पाचर भोकाच्या भिंतीत घुसते आणि पुन्हा तेच, दांडा चिरतो. अठरा लागतील, पंचवीस करा.

गोंद आणि जोडणी

घरातल्या शिडीला सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद पुरतो. गॅलरीत किंवा ओल येणाऱ्या जागी राहणार असेल तर पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा घ्या. साग तेलकट असतो, त्यामुळे गोंद लावण्याच्या जरा आधी भोकाची आतली बाजू थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या आणि थिनर उडू द्या. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

गोंदाशिवाय एकदा सगळी शिडी अर्ध्यापर्यंत जोडून पाहा. प्रत्येक पायरीला आणि भोकाला नंबर द्या. मग सुटी करा. खरी जोडणी सकाळी गारव्यात करा आणि दोन माणसं असू द्या, कारण उन्हाळ्यात पांढरा गोंद काही मिनिटांत ओढायला लागतो. शिवाय त्यातल्या पाण्याने कूस लगेच फुगते, आणि अर्ध्यात थांबलेली कूस मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. सगळं हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नका.

पहिला दांडा आडवा, दोन पाटांवर, भोकांखाली जागा मोकळी ठेवून. एक जण भोकांच्या भिंतींना ब्रशने गोंद लावतो, दुसरा कुशीला पातळ थर देतो आणि चिरेची रेघ जुळवून मोगरीने खांद्यापर्यंत ठोकतो. कूस पूर्ण बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक येतो. नऊ पायऱ्या उभ्या झाल्या की वरून दुसरा दांडा. एका टोकाकडून सुरुवात करून एकेक कूस भोकात शिरवत जायचं, मग सगळीकडून थोडं थोडं ठोकत खाली आणायचं. एकच बाजू आधी पूर्ण ठोकली तर दुसऱ्या टोकाच्या कुशी तिरक्या होऊन अडकतात.

आता क्लॅम्पने, किंवा दोर गुंडाळून त्यात काठी घालून पीळ देऊन, दांडे आवळा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मापा. दोन्ही सारखे यायला हवेत. एक जास्त आला तर त्या कोपऱ्यांवर दाबून शिडी सरळ करा. मग सपाट फरशीवर ठेवून चारही टोकं टेकतात का पाहा. हे पाचरी मारण्याआधीच करायचं, नंतर शिडी हलत नाही.

पाचरीला थोडा गोंद लावून चिरेत ठेवा आणि लहान हातोडीने ठोका. दोन-तीन ठोके एकीला, मग पलीकडच्या टोकाच्या पाचरीला. आवाज टणक झाला की थांबा. आणखी एक ठोका मारायचा मोह होतो, तो टाळा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा आणि शिडी पूर्ण २४ तास तशीच आवळून ठेवा. नंतर बाहेरची दोन सूत कूस आणि पाचर करवतीने कापून रंध्याने सपाट करा.

यानंतर एक जोड अवश्य द्या. खालून दुसऱ्या आणि आठव्या पायरीच्या अगदी खाली दोन्ही दांड्यांतून ८ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई घाला आणि बाहेरून वॉशर, नट लावून नुसती ताठ होईल एवढी आवळा. पुढे कधी गोंद सुटलाच तरी दांडे फाकणार नाहीत.

पाय, पॉलिश आणि पहिलं वर्ष

दांड्यांची खालची टोकं जमिनीला सपाट टेकतील अशी तिरकी कापा आणि जुन्या टायरचं रबर बसवा. वर, जिथे शिडी माळ्याच्या कडेला टेकते, तिथे दोन्ही दांड्यांना हूक लावा म्हणजे ती बाजूला घसरणार नाही. पॉलिश पारदर्शकच हवं, अळशीचं तेल किंवा व्हार्निश. रंग कधीही देऊ नका. रंगाखाली बारीक चीर दिसत नाही, आणि शिडीवर चीर दिसणं फार गरजेचं आहे. पायऱ्यांच्या वरच्या भागावर चकचकीत थर नको, पाय सरकतो.

वापरण्याआधी शिडी टेकवून फक्त सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहा, एकदा डाव्या दांड्याजवळ, एकदा उजव्या, आणि अंगाचं वजन हळूच वर-खाली करा. कुरकुर आली तर ती कुठल्या टोकातून येते ते दुसऱ्याने कान लावून ऐकावं. मग पुढची पायरी. एका वेळी एकच माणूस, हे या मापाच्या शिडीला कायम लागू आहे.

पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला की नऊच्या नऊ पायऱ्या हाताने पिळून पाहा आणि खांद्यापाशी पॉलिशला केसाएवढी रेघ पडली आहे का ते बघा. रेघ म्हणजे तिथे हालचाल आहे. पायरी फिरत नसेल तर नुसतं लक्ष ठेवा. फिरत असेल तर वरून गोंद ओतून उपयोग नाही, सुकलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. जुन्या पाचरीशेजारी तिला समांतर बारीक चीर पाडून दुसरी पातळ पाचर मारता येते. खिळा ठोकू नका, तो कुशीला मधोमध फोडतो. आणि चीर पायरीत नसून दांड्यात असेल, एका भोकापासून दुसऱ्याकडे निघालेली, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. त्या शिडीवर परत कोणी चढता कामा नये, तिचे दांडे मधून कापून टाका.